मदत हवी आहे: आजारपणामुळे डेटा स्ट्रक्चर्सच्या असाइनमेंटला मुदतवाढ हवी आहे, सरांना पत्र कसं लिहू?

अर्धवट_झाड

नमस्कार. मी सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे, सरकारी कॉलेज, होस्टेलला राहते. डेंगी झाला होता, ११ ते १६ सप्टेंबर ॲडमिट होते. काल डिस्चार्ज मिळाला, आता मावशीकडे आहे. शुक्रवारी, १९ तारखेला, डेटा स्ट्रक्चर्स लॅबची असाइनमेंट द्यायची आहे. एव्हीएल ट्री वापरून शब्दकोश करायचा आहे: शब्द घालणे, काढणे, अर्थ बदलणे, चढत्या-उतरत्या क्रमाने दाखवणे आणि एखादा शब्द शोधायला जास्तीत जास्त किती तुलना लागतील ते सांगणे. बरंचसं झालंय, पण सगळं नाही.

सर कडक आहेत. वर्गात एकाने 'सर, बरं नव्हतं' म्हटलं तर सर म्हणाले, "परीक्षेच्या आधी कुणालाच बरं नसतं." त्यामुळे पत्र नीट लिहायचं आहे. विभागात मराठी अर्ज चालतो. मी हे लिहिलंय, बघून सांगा:

> प्रति,
> मा. प्राध्यापक, डेटा स्ट्रक्चर्स प्रयोगशाळा
>
> विषय: असाइनमेंटसाठी मुदतवाढ मिळणेबाबत
>
> महोदय,
> उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, मी गेले काही दिवस खूप आजारी होते. मला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करावे लागले होते. अजूनही खूप अशक्तपणा आहे. त्यामुळे मी असाइनमेंट पूर्ण करू शकले नाही. तरी कृपया मला थोडे दिवस मुदत वाढवून मिळावी ही नम्र विनंती. मी याआधीच्या सर्व असाइनमेंट वेळेवर दिल्या आहेत. तसदीबद्दल क्षमस्व.
>
> आपली विश्वासू

शेवग्याची_शेंग

अगं, आधी तब्येत सांभाळ. प्लेटलेट किती आहेत आता? आमच्याकडे धाकट्याला झाला होता तेव्हा पपईच्या पानांचा रस देत होतो. नारळपाणी, डाळिंब, भाताची पेज. झोप काढ भरपूर. असाइनमेंट होत राहतील.

अर्धवट_झाड

काकू, प्लेटलेट वर आल्या आहेत, म्हणूनच सोडलं. रसाबद्दल मावशी सकाळपासून मागे लागलीच आहे. पण पत्राचं बघा ना कुणीतरी.

कंदीपेढा

विनंती कसली करताय? मेडिकल जोडलं की मुदत द्यावीच लागते, नियम आहे. पत्र सरांना लिहूच नका, थेट एचओडींच्या नावे लिहा, सरांना प्रत द्या आणि आवक-जावकला शिक्का मारून पोच घ्या. मी इंजिनिअरिंगला असताना काविळीत महिनाभर घरी होतो. एचओडींना अर्ज दिला, एका दिवसात काम झालं. कागद पक्का असला की कुणी काही बोलत नाही.

प्रयोगवही

कंदीपेढा, तुमचं अर्धं बरोबर आहे. हजेरीसाठी मेडिकल लागतं आणि ते विभागातूनच जातं. ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि डिफॉल्टर यादीत नाव आलं की तोच कागद कामाला येतो. तेव्हा अर्धवट_झाड, हजेरीचा अर्ज वेगळा करा आणि वर्गशिक्षकांकडे द्या, शिक्का-पोच सगळं घ्या. पण असाइनमेंटची तारीख लॅब घेणाऱ्या शिक्षकाने ठरवलेली असते, ती पुढे ढकलणंही त्याच्याच हातात असतं. त्याला न विचारता एचओडींकडे गेलात तर मुदत मिळेलही, पण तोंडी परीक्षेला समोर तोच बसलेला असतो.

मी बरीच वर्षं हीच लॅब घेतली आहे, तेव्हा टेबलाच्या पलीकडून हे पत्र कसं दिसतं ते सांगतो. 'थोडे दिवस' म्हटलं की मला विचार करायला लागतो. किती द्यायचे? बाकीच्या बॅचला काय सांगायचं? ज्या पत्राला उत्तर देण्यासाठी मलाच विचार करावा लागतो, ते बाजूला राहतं. 'खूप आजारी', 'खूप अशक्तपणा' हे तर प्रत्येक अर्जात असतं. तारीख मात्र एकाही अर्जात नसते.

दुसरी गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही म्हणून सांगतो. शिक्षकाला आजाराची शंका नसते, उशिराची असते. शुक्रवारी सगळ्यांनी कोड दिला की शनिवारपर्यंत तो अख्ख्या होस्टेलमध्ये फिरतो. नंतर येणारी असाइनमेंट स्वतःची आहे हे ओळखायचं कसं? या शंकेला तुमच्या पत्रात उत्तर असेल तर निम्मं काम झालं.

आता दोन प्रश्न. डिस्चार्ज कार्डावर विश्रांतीबद्दल काय लिहिलंय? आणि नेमकं काय राहिलंय? 'बरंचसं झालंय' मला चालणार नाही, तुमच्या सरांनाही चालणार नाही.

अर्धवट_झाड

कार्डावर 'एक आठवडा विश्रांती' असं लिहिलंय, म्हणजे २३ पर्यंत. पुढची असाइनमेंट हीपची आहे, ती ३ ऑक्टोबरला आहे.

राहिलंय ते असं: शब्द घालणं, शोधणं, अर्थ बदलणं, क्रमाने दाखवणं हे सगळं आजारी पडायच्या आधी चालत होतं. शब्द काढणंच राहिलंय. लिहिलंय, पण कधी चालतं आणि कधी प्रोग्रॅम एकदम बंद पडतो, सेगमेंटेशन फॉल्ट. काल थोडा वेळ बसून बघितलं, पण अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागलं.

बे_एरियातून

आमच्याकडे पोरांना हा प्रश्नच येत नाही. मी मास्टर्सला असताना बऱ्याच कोर्सेसना सेमिस्टरच्या सुरुवातीलाच ठरावीक 'लेट डेज' मिळायचे. कुणाला काही सांगायची गरज नाही, तुमचा दिवस तुम्ही वापरा. मोठं आजारपण असेल तर डीनच्या ऑफिसला कळवायचं, तेच सगळ्या प्रोफेसरांना मेल करतात, आजार काय ते सांगतही नाहीत. तुमच्या स्टुडंट सर्व्हिसेसला लिहा ना.

अर्धवट_झाड

दादा, आमच्याकडे स्टुडंट सेक्शन आहे. तिथे बोनाफाईड मिळतं. तेही जेवणाच्या सुट्टीनंतर.

प्रयोगवही

बरं. आधी कोडचं बोलू, कारण पत्रात किती दिवस मागायचे ते त्याच्यावर ठरतं. समतोल बघायची अट तुम्ही शब्द घालायच्या फंक्शनमधून जशीच्या तशी उचलली आहे का? म्हणजे अशी काहीतरी:

```cpp
if (bf > 1 && key < root->left->key)
    return rightRotate(root);
if (bf > 1 && key > root->left->key) {
    root->left = leftRotate(root->left);
    return rightRotate(root);
}
```

अर्धवट_झाड

हो! अशीच आहे. शब्द घालताना तर व्यवस्थित चालते.

प्रयोगवही

घालताना चालणारच, कारण तिथे `key` ज्या बाजूला गेली तीच बाजू जड होते. काढताना उलटं होतं. उजवीकडचं काढलं की डावी बाजू जड पडते, आणि काढलेल्या `key`चा त्या डाव्या बाजूशी काहीच संबंध नसतो.

शब्द बाजूला ठेवा, आकड्यांनी बघू. कागदावर काढा: ५०, ३०, ७०, २० या क्रमाने घाला. मुळाशी ५०, डावीकडे ३०, त्याच्याखाली डावीकडे २०, आणि ५०च्या उजवीकडे ७०. आता ७० काढा. ५०चा समतोल २ झाला. खरं तर एकदा उजवीकडे फिरवलं की काम झालं. पण तुमची अट विचारते, ७० हे ३० पेक्षा मोठं आहे का? आहे. म्हणून ती आधी ३०ला डावीकडे फिरवायला जाते. ३०ला उजवं मूलच नाही. `leftRotate` त्या रिकाम्या पॉइंटरचं डावं मूल मागतं आणि प्रोग्रॅम तिथेच आडवा होतो. ज्या झाडात तिथे उजवं मूल असतं तिथे आडवा होत नाही, म्हणून तुम्हाला 'कधी चालतं, कधी नाही' असं दिसतंय.

काढताना अटीत `key` नकोच. डाव्या मुलाचा स्वतःचा समतोल विचारा:

```cpp
if (bf > 1 && balance(root->left) >= 0)
    return rightRotate(root);
if (bf > 1 && balance(root->left) < 0) {
    root->left = leftRotate(root->left);
    return rightRotate(root);
}
```

उजव्या बाजूच्या दोन अटी याच्या आरशातल्या, त्या तुम्ही लिहा.

कंदीपेढा

हे `>=` कशाला? शून्य तर येतच नाही. एव्हीएलच्या चारही केसेसमध्ये मूल एकीकडे झुकलेलंच असतं, आम्हाला तसंच शिकवलं होतं.

प्रयोगवही

घालताना येत नाही, हे खरं आहे. काढताना येतं. ५०, ३०, ७०, २०, ४० घाला आणि ७० काढा. ५०चा समतोल २, पण ३०च्या दोन्ही बाजूंना एकेक मूल, म्हणजे त्याचा समतोल शून्य. `>` लिहिलंत तर दोन्हींपैकी एकही अट लागत नाही आणि झाड तसंच वाकडं राहतं.

आणि ही चूक सहज सापडत नाही. चढत्या क्रमाने छापलं तर २०, ३०, ४०, ५० अगदी बरोबर येतं, कारण इनऑर्डरला झाड वाकडं असल्याचं कळतच नाही. जास्तीत जास्त तुलना विचारल्या तर वाकड्या झाडातही ३ आणि सरळ केलेल्यातही ३, कारण या केसमध्ये फिरवून उंची कमी होतच नाही. प्रीऑर्डर छापलं तरच कळतं: बरोबर असेल तर ३० २० ५० ४०, वाकडं असेल तर ५० ३० २० ४०. तोंडी परीक्षेत मी नेमकं हेच उदाहरण द्यायचो.

आणखी एक बघून घ्या. घालताना एका जागी समतोल साधला की वरचं सगळं आपोआप ठीक होतं. काढताना तसं नाही, मुळापर्यंत प्रत्येक पायरीवर परत बघावं लागू शकतं. रिकर्शनने लिहिलं असेल तर परत येताना ते होतंच, पण उंची नव्याने काढायची ओळ राहिलेली नाही ना, ते तपासा.

आता दिवस. अट बदलायला आणि दोन मुलं असलेला शब्द काढून बघायला धडधाकट माणसाला एक दुपार पुरे. तुम्हाला अर्धा तास बसवतंय, म्हणजे दोन-तीन दिवस धरा. विश्रांती २३ पर्यंत. मग २६ मागा. त्यापुढचं मागू नका, हीपची असाइनमेंट मानेवर येईल.

पत्रात डिस्चार्जची १६ तारीख एकटी टाकू नका. सर म्हणतील, १६ ला घरी आली, मुदत १९ ची, तीन दिवस होते की. शेजारी २३ यायलाच हवी. तेवढ्यासाठी डिस्चार्ज कार्ड जोडा, रक्ताचे रिपोर्ट नकोत. एनएस-वन पॉझिटिव्ह आहे की नाही ते वाचून सर काय करणार?

बे_एरियातून

पण कार्ड जोडलं की डेंगी ते कळणारच. आजाराचं नाव कॉलेजला का सांगायचं? 'वैद्यकीय कारणास्तव' एवढं पुरे नाही का?

प्रयोगवही

डेंगीचं मला काही वाटणार नाही, पण हा निर्णय तिचा आहे. दुसरा एखादा आजार असता तर मीही म्हटलं असतं, नाव झाका आणि फक्त तारखांचा दाखला डॉक्टरांकडून घ्या.

शेवग्याची_शेंग

डेंगीत काय लपवायचंय, उलट होस्टेलच्या टाकीवर झाकण बसवा म्हणावं. तिथेच डास झाले असतील. तेही पत्रात टाक.

अर्धवट_झाड

काकू, ते रेक्टरना वेगळं लिहिते. कार्ड मी जोडतेय.

वरच्या पहिल्या उदाहरणावर माझा कोड खरंच आडवा झाला. ७० काढलं आणि गेला. अजून बदललं काही नाही, आज झोपते. पत्र पुन्हा लिहिलंय:

> प्रति,
> मा. प्राध्यापक, डेटा स्ट्रक्चर्स प्रयोगशाळा
>
> विषय: एव्हीएल ट्री असाइनमेंटसाठी १९ ऐवजी २६ सप्टेंबरपर्यंत मुदत मिळणेबाबत
>
> महोदय,
> मी द्वितीय वर्ष संगणक शाखेची विद्यार्थिनी आहे. डेंगीमुळे ११ ते १६ सप्टेंबर मी रुग्णालयात दाखल होते. डॉक्टरांनी २३ सप्टेंबरपर्यंत विश्रांती सांगितली आहे. डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे.
>
> शब्द घालणे, शोधणे, अर्थ बदलणे आणि क्रमाने दाखवणे हे भाग आजारपणापूर्वीच पूर्ण झाले आहेत. शब्द काढण्याचा भाग अपूर्ण आहे. समतोल तपासण्याच्या अटीत चूक असल्यामुळे ५०, ३०, ७०, २० या झाडातून ७० काढल्यास प्रोग्रॅम बंद पडतो. आजच्या स्थितीतला कोड सोबत पाठवत आहे.
>
> हा भाग पूर्ण करून २६ सप्टेंबरला देण्याची परवानगी मिळावी. शब्द काढण्याच्या भागावर आपण द्याल त्या उदाहरणावर तोंडी परीक्षा देण्याची माझी तयारी आहे. ३ ऑक्टोबरची हीपची असाइनमेंट वेळेवर देईन.
>
> आपली विश्वासू

प्रयोगवही

हे चाललं. अपूर्ण कोड जोडलात ते उत्तम केलंत. शुक्रवारच्या आधीची फाईल सरांकडे आहे म्हटल्यावर नंतर काय बदललं ते त्यांना दिसेल. आता होस्टेलमध्ये कुणाचा कोड फिरतोय याच्याशी तुमचा संबंध उरत नाही. फक्त ही मेल १९ च्या आत गेली पाहिजे. मुदत टळल्यावर पाठवलं तर हेच पत्र सबब वाटतं.

'उपरोक्त विषयास अनुसरून' गेलं, बरं झालं. 'तसदीबद्दल क्षमस्व'ही गेलं.

कंदीपेढा

मला अजूनही वाटतं, प्रत एचओडींना टाकावी. उद्या सर बदलले, रजेवर गेले तर? तोंडी शब्दाला किंमत नसते. आणि 'वेळेवर देईन' असं लिहून स्वतःला बांधून का घ्यायचं? तब्येत आहे, पुन्हा बिघडली तर?

प्रयोगवही

हीपच्या वाक्याबद्दल तुमचं पटतं. मी असतो तर ते काढलं असतं. प्रत टाकायची तर वर्गशिक्षकांना टाका, एचओडींना नको.

अर्धवट_झाड

हीपचं वाक्य काढलं, प्रत वर्गशिक्षिकांना टाकली आणि काल रात्री मेल केली. आज दुपारी सरांचं उत्तर आलं, तेही एका ओळीत: २६ चालेल, लॅबमध्ये भेट, शब्द काढायचं समोर करून दाखव. आणि खाली 'उशिराचे गुण नियमाप्रमाणे'.

आमच्याकडे उशीर झाला की टर्मवर्कचा एक गुण जातो. परवानगी दिली म्हटल्यावर तो गुण जाणार की नाही? परत मेल करून विचारू का?

कंदीपेढा

विचारायलाच पाहिजे! परवानगी दिली म्हणजे उशीर झालाच नाही. लेखी घ्या.

प्रयोगवही

'नियमाप्रमाणे'चा अर्थ तुमच्या सरांनाच माहीत. मी गुण कापत नसे. शेजारच्या लॅबमधले कापत, आजारी असला तरी, आणि त्यांचं म्हणणं होतं की एका गुणाने कुणी नापास होत नाही. आज परत मेल नको. २६ ला कोड चालवून दाखवा, मग तिथेच तोंडी विचारा.

एक मात्र करा. सरांच्या उत्तराची प्रिंट काढून जर्नलमध्ये या असाइनमेंटच्या मागे लावून ठेवा. अनुक्रमणिकेत सादर केल्याची तारीख २६ पडणार, बाकी सगळ्या बॅचची १९. बाहेरून येणारा परीक्षक आधी अनुक्रमणिकाच चाळतो आणि हमखास विचारतो, हीच एक उशिरा का?

अर्धवट_झाड

लावते. आज कोड बदलला. ५०, ३०, ७०, २० वर आता आडवा होत नाही, प्रीऑर्डर ३० २० ५० येतं. पाच आकड्यांचंही बरोबर आलं. दोन मुलं असलेला शब्द काढला की तोच शब्द झाडात दोनदा दिसतोय.

प्रयोगवही

उजवीकडचा सगळ्यात लहान शब्द वर कॉपी केलात आणि मग खालचा मूळ काढायचा राहिला असेल. किंवा काढलात, पण परत आलेला पॉइंटर `root->right` मध्ये ठेवला नाहीत. उद्या बघा, आज पुरे.

शेवग्याची_शेंग

आणि पेज पी.